खिडकीच्या उजेडातला एक फोटो: कॅमेऱ्यावरचे आकडे पायरी पायरीने

अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ, फोकल लेंथ या शब्दांच्या व्याख्या पाठ होतात, पण कॅमेरा हातात घेतल्यावर नेमका कोणता आकडा आधी हलवायचा हे कळत नाही. म्हणून या लेखात आपण एकच फोटो काढणार आहोत आणि तो नीट जमेपर्यंत सोडणार नाही. दिवसाची वेळ आहे, खोलीत एका बाजूला खिडकी आहे आणि पाचेक वर्षांचं मूल जमिनीवर बसून लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचतंय. फ्लॅश वापरायचा नाही. लेन्स साधी, नव्या कॅमेऱ्यासोबत येते तीच १८-५५, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटर फोकल लेंथची.

हा प्रसंग मुद्दाम निवडला आहे. भर उन्हात कॅमेरा ऑटोवर ठेवला तरी फोटो बरा येतो, कारण उजेड इतका असतो की कशातच तडजोड करावी लागत नाही. घरात उजेड बेताचा आणि विषय सतत हलणारा, त्यामुळे एक आकडा सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. तो बिघाड डोळ्यांनी पाहिला की हे शब्द आपोआप आपले होतात.

पहिली पायरी: आकडे वाचा

मोड डायल A वर ठेवा (काही कॅमेऱ्यांवर तिथे Av लिहिलेलं असतं). या मोडमध्ये अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. ऑटो आयएसओ बंद करून आयएसओ ४०० वर कायम करा. लेन्स ५५ पर्यंत झूम करा, मुलापासून साधारण दोन मीटरवर बसा, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा आणि बटण अर्धं दाबा. समजा स्क्रीनवर हे आलं:

```
1/30   f/5.6   ISO 400
```

पहिला आकडा शटर स्पीड. सेन्सरसमोरचा पडदा सेकंदाचा तिसावा हिस्सा एवढा वेळ उघडा राहणार. काही कॅमेरे जागा वाचवायला नुसतं 30 दाखवतात, आणि पूर्ण सेकंद असतील तर आकड्यापुढे दोन बारीक रेघा देतात. म्हणजे 2 हा सेकंदाचा निम्मा भाग आणि 2" हे पूर्ण दोन सेकंद. अंधाऱ्या जागी हा फरक नजरेतून सुटला की अख्खा फोटो हातचा जातो.

दुसरा आकडा अ‍ॅपर्चर. लेन्सच्या आत पात्यांचं एक वर्तुळ असतं. ते किती उघडं आहे हे हा आकडा सांगतो, आणि आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. असं उलटं का, ते पुढे येईलच. तिसरा आयएसओ. सेन्सरने जो उजेड पकडला त्याचा सिग्नल किती वाढवून चित्र बनवायचं, ते हा ठरवतो. तो बाहेरून जास्तीचा उजेड आणत नाही. पहिल्या दोन आकड्यांनी सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड म्हणजे एक्स्पोजर. व्यवहारात मात्र आयएसओ धरून तिन्हींचा हिशोब एकत्रच मांडला जातो, कारण चित्र उजळ दिसणार की काळं हे तिन्ही मिळून ठरतं.

हा हिशोब मांडायचं माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला म्हणजे उजेड दुप्पट झाला, एक कमी झाला म्हणजे निम्मा. 1/30 वरून 1/60 वर गेलात की पडदा निम्मा वेळ उघडा राहतो, म्हणजे एक स्टॉप गेला. आयएसओ ४०० चा ८०० केला की एक स्टॉप मिळाला. अ‍ॅपर्चरचे आकडे तेवढे विचित्र वाटतात: 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. इथेही शेजारच्या दोन आकड्यांत एकच स्टॉप आहे. वर्तुळाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून उजेड फक्त दुप्पट करायला व्यास साधारण १.४ पट करावा लागतो, आणि हे सगळे आकडे त्या १.४ च्या पटीतून आले आहेत. पाठ करायला सोपी युक्ती अशी की एक आकडा सोडून पुढचा पाहिला तर तो दुप्पट असतो. 2, 4, 8, 16 ही एक माळ आणि 2.8, 5.6, 11 ही दुसरी.

बहुतेक कॅमेऱ्यांवर चाकाच्या तीन खटक्यांचा एक स्टॉप होतो. आता फोटो न काढता, त्याच जागी बसून चाक तीन खटके फिरवा. f/5.6 चं f/8 होईल आणि 1/30 चं 1/15. आणखी तीन खटके, f/11 आणि 1/8. तुम्ही छिद्र लहान करताय आणि तेवढाच उजेड जमवायला कॅमेरा वेळ वाढवतोय. चित्राचा उजळपणा मात्र हलत नाही. ही देवाणघेवाण थोडा वेळ नुसती फिरवून पाहा. व्याख्यांची पानं वाचून जे पक्कं होत नाही ते इथे बोटांना कळतं.

दुसरी पायरी: फोटो काढा आणि काय बिघडलं ते शोधा

1/30, f/5.6, ISO 400 वर चार-पाच फोटो काढा. छोट्या स्क्रीनवर ते छान दिसतील, पण त्यावर विश्वास ठेवू नका. फोटो पूर्ण मोठा करून मुलाच्या डोळ्यांवर आणा, मग ठोकळे धरलेल्या हातावर, मग मागच्या एखाद्या वस्तूवर. धूसरपणा तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींवर औषध वेगवेगळं आहे. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ चुकीचं औषध घेण्यात जातो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

चित्रातली प्रत्येक गोष्ट, अगदी न हलणारी भिंतीवरची चौकटसुद्धा, एकाच दिशेने फराटल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा हलला. चौकट स्वच्छ आहे, मुलाचं कपाळही बरं आहे, पण हात आणि हातातला ठोकळा पुसट आहे, तर विषय हलला. आणि फराटा कुठेच नाही, पण डोळे मऊ आणि त्यांच्यामागचं पुस्तकांचं कपाट मात्र रेखीव, तर फोकस चुकीच्या जागी बसला. पहिल्या दोन्हींवर शटर स्पीड वाढवणं हा उपाय आहे. तिसऱ्यावर शटर कितीही वाढवा, काही फरक पडणार नाही. तिथे फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवावा लागतो, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू करावा लागतो.

आपल्या फोटोत बहुधा पहिलं आणि दुसरं, दोन्ही सापडेल.

तिसरी पायरी: शटर स्पीड आधी ठरवा

हातात धरलेला कॅमेरा कितपत सावकाश चालवता येतो याचा एक जुना अंदाज आहे: एक भागिले फोकल लेंथ. ५५ मिलिमीटरला साधारण 1/60. पण हा अंदाज ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळातला. हौशी कॅमेऱ्यांत सेन्सर बऱ्याचदा त्याहून लहान, एपीएस-सी आकाराचा असतो. तो लेन्सने पाडलेल्या चित्राचा फक्त मधला भाग घेतो, त्यामुळे दृश्य तर जवळ आल्यासारखं दिसतंच, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. म्हणून फोकल लेंथला दीडने गुणा, काही कॅमेऱ्यांत १.६ ने. ५५ चे झाले ८० च्या वर, म्हणजे हातासाठी किमान 1/80, आणि खात्रीसाठी 1/100. आपण 1/30 वर होतो, तेव्हा चौकट का फराटली ते उघड आहे.

लेन्सवर कंप रोखणारी यंत्रणा असेल तर हा पहिला प्रश्न बराचसा मिटतो. भिंतीवरची चौकट 1/30 लाही स्वच्छ येईल. पण ती यंत्रणा तुमच्या हाताची हालचाल भरून काढते, मुलाच्या हाताची नाही. लेन्सच्या खोक्यावर चार-पाच स्टॉपचा फायदा लिहिलेला वाचून लोक मुलांचे फोटो 1/15 वर काढतात आणि हात धूसर आला की लेन्सला दोष देतात.

मुलासाठी वेगळा हिशोब. शांत बसून बोलणाऱ्या माणसाला 1/125 सहसा पुरतं. हात कामात गुंतलेले असतील तर 1/250 लागतं. धावणाऱ्याला 1/500 किंवा त्याहून जास्त. हे काही नियम नव्हेत. तोच हात तुम्ही जवळून टिपला तर तो चित्रात मोठा होतो, त्याची हालचालही मोठी होते आणि आणखी वेगवान शटर लागतं. मनोरा रचणाऱ्या हातासाठी मी 1/250 धरतो.

1/30 पासून मोजा: 1/60, 1/125, 1/250. तीन स्टॉप. म्हणजे सेन्सरवर येणारा उजेड आठव्या हिश्श्यावर आला. हे तीन स्टॉप कुठून तरी परत आणायला हवेत, आणि पुढचा सगळा लेख त्या तीन स्टॉपांच्या वसुलीचा आहे.

चौथी पायरी: अ‍ॅपर्चर देईल का?

लेन्सच्या पुढच्या कडेवर पाहा. तिथे असं काहीतरी कोरलेलं असेल:

```
18-55mm 1:3.5-5.6
```

याचा अर्थ १८ मिलिमीटरला हिचं छिद्र जास्तीत जास्त f/3.5 पर्यंत उघडतं आणि ५५ ला फक्त f/5.6 पर्यंत. आपण ५५ वर आहोत आणि f/5.6 वरच आहोत. इथून छिद्र मोठं होणार नाही, चाक कितीही फिरवा. अ‍ॅपर्चरकडून एकही स्टॉप मिळाला नाही.

आता तो उलटा आकडा. f म्हणजे फोकल लेंथ. f/5.6 चा अर्थ शब्दशः भागाकाराचा आहे: फोकल लेंथला ५.६ ने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५५ भागिले ५.६, म्हणजे जवळपास १० मिलिमीटर. १८ भागिले ३.५, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर. मोठ्या आकड्याने भागलं की उत्तर लहान येतं, म्हणून मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र.

पण इथे एक अडखळायला लावणारी गोष्ट दिसते. ५५ वर छिद्र १० मिलिमीटरचं, १८ वर ५ मिलिमीटरचं, तरीही १८ वर चित्र जास्त उजळ कसं? कारण ५५ वर मुलाच्या चेहऱ्याची प्रतिमा सेन्सरवर तिप्पट रुंद आणि तिप्पट उंच पडते. चेहऱ्याकडून आलेला उजेड नऊपट जागेवर पसरतो आणि पातळ होतो. छिद्र मोठं असूनही ही भरपाई पूर्ण होत नाही. भागाकाराने मांडलेल्या आकड्यात हे दोन्ही परिणाम आधीच धरलेले असतात. म्हणूनच कोणत्याही लेन्सचा f/5.6 दुसऱ्या कोणत्याही लेन्सच्या f/5.6 इतकाच उजेड देतो, आणि लेन्स बदलली तरी स्टॉपांचा हिशोब नव्याने मांडावा लागत नाही. (भिंगांच्या आत थोडा उजेड हरवतो, तो लेन्सगणिक किंचित वेगळा असतो. फोटोसाठी ते सोडून द्यावं.)

अ‍ॅपर्चरचं दुसरं काम खोलीचं आहे. फोकस बसलेल्या बिंदूच्या पुढे-मागे काही अंतर रेखीव दिसतं, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. छिद्र मोठं तर ही पट्टी अरुंद. एपीएस-सी सेन्सर, ५५ मिलिमीटर, दोन मीटर अंतर, f/5.6: पट्टी साधारण ३० सेंटिमीटरची. डोळ्यांवर फोकस असेल तर चेहरा पूर्ण आत, आणि पुढे केलेला हात जेमतेम काठावर. f/11 ला हीच पट्टी साधारण ६० सेंटिमीटर होते, म्हणजे मूल, हात, मनोरा सगळं आत. पण f/11 म्हणजे आणखी दोन स्टॉप देणं. तीन आधीचे, दोन नवे. या उजेडात ते परवडत नाही, म्हणून f/5.6 वरच राहायचं आणि मुलाकडे थोडं बाजूने बसायचं. बाजूने पाहिलं की चेहरा, हात आणि मनोरा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात, आणि ३० सेंटिमीटर पुरेसे होतात. जागा बदलून मिळालेल्या या फायद्याला एकही स्टॉप लागला नाही.

पाचवी पायरी: फोकल लेंथ आणि तुमची जागा

दुसरा मार्ग असा सुचतो की झूम मागे आणावा. १८ वर f/3.5 मिळतं, म्हणजे f/5.6 पेक्षा चार खटके, सव्वा स्टॉपहून थोडं जास्त. तीन स्टॉपांच्या थकबाकीत ही चांगली रक्कम आहे. शिवाय १८ ला हाताची थरथरही कमी दिसते.

पण मूल चित्रात तेवढंच मोठं हवं असेल तर दोन मीटरवरून सुमारे ६५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जावं लागेल. एवढ्या जवळून जे पुढे आहे ते फार मोठं दिसतं: पुढे आलेला हात चेहऱ्याएवढा, नाक फुगलेलं, कान मागे गेलेले. याचा दोष वाइड लेन्सला दिला जातो, पण हे घडतं अंतरामुळे. त्याच ६५ सेंटिमीटरवरून ५५ लावलंत तरी नाक-कानांचं प्रमाण तेच राहील, फक्त चौकटीत चेहऱ्याचा तुकडाच मावेल. कुठे उभं राहायचं यावर वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण ठरतं. फोकल लेंथ ठरवते ते त्या जागेवरून किती दृश्य चौकटीत घ्यायचं एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पायाने अंतर ठरवा, मग झूमने चौकट. चेहरा मुख्य असेल तर दीड-दोन मीटर मागे राहा आणि ४५-५५ वापरा. मूल, मनोरा आणि भोवती पसरलेली खोली अशी गोष्ट सांगायची असेल तर त्याच दोन मीटरवरून झूम १८-२४ वर आणा. तिथे मूल लहान होतं, वाकडं होत नाही. सव्वा स्टॉप मिळतो, आणि सगळं रेखीव येतं तेही वेगळंच. आपल्याला चेहरा हवा आहे, म्हणून ५५ कायम. म्हणजे अजून तीनच्या तीन स्टॉप बाकी.

सहावी पायरी: उजेड मागा, मग आयएसओ

ISO 400 वरून तीन स्टॉप म्हणजे 800, 1600, 3200. म्हणजे आत्ता लगेच 1/250, f/5.6, ISO 3200 वर फोटो निघतो, आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर तो चांगला निघतो. सावलीच्या भागात दाणे दिसतील, रंग किंचित फिके होतील. तरी दाणेदार पण रेखीव फोटो मी धूसर फोटोपेक्षा केव्हाही पसंत करेन. दाणे नंतर कमी करता येतात, पुसट झालेला हात परत येत नाही.

दाण्यांच्या भीतीने आयएसओ 800 वर अडवून काळसर फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, ही सवय मात्र लावून घेऊ नका. दाणे येतात ते मुख्यतः सेन्सरला उजेड कमी मिळाल्याने. आकडा लहान ठेवला म्हणून उजेड वाढत नाही, आणि नंतर ओढून उजळलेल्या सावल्या अनेकदा जास्त खराब दिसतात, जेपीईजी फाइलमध्ये तर हमखास.

पण आयएसओ चढवण्याआधी खोलीकडे पाहा. पडदा पूर्ण सरकवला आहे का? खेळ खोलीच्या मध्यात चालला आहे का? खिडकीपासून दूर जाल तसा उजेड झपाट्याने पडतो. डोळे त्याला पटकन सरावतात म्हणून आपल्याला जाणवत नाही, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला जाणवतं. ठोकळे उचलून खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा, मूल मागोमाग येतंच. आता मीटर पुन्हा पाहा. समजा आपल्याला हे मिळालं:

```
1/250   f/5.6   ISO 800
```

म्हणजे 3200 ऐवजी 800. नुसतं दोन पावलं सरकल्याने दोन स्टॉपची कमाई झाली असं दिसतंय. खिडकीच्या इतक्या जवळ मात्र चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी खूपच गडद होते. ती फार बोचत असेल तर अंधाऱ्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, पांढरी चादर किंवा मोठा पांढरा कागद उभा करा.

सातवी पायरी: मीटर काय म्हणतोय ते तपासा

फोटो काढला आणि चेहरा मळकट, राखाडी दिसला. आकडे बरोबर, मीटरचा काटा शून्यावर, तरी असं का? नव्या जागी मुलामागे पांढरी भिंत आली आहे आणि तिने निम्मी चौकट व्यापली आहे. मीटरला भिंत आणि चेहरा वेगळे कळत नाहीत. समोर जे आहे ते सरासरी मध्यम उजळ असेल असं धरून तो आकडे काढतो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून बरीच दुरुस्ती करतात, तरी पांढरं जास्त असलं की तो सगळं गडद करतो आणि काळं जास्त असलं की सगळं उजळतो.

इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन लागतं. कॅमेऱ्यावर +/- असं चिन्ह असलेलं बटण किंवा चाक असतं. ते +1 वर न्या, म्हणजे तीन खटके. चेहरा उजळेल. पण A मोडमध्ये असाल तर लगेच शटर स्पीड पाहा: कॅमेऱ्याने जास्तीचा उजेड वेळ वाढवून आणला आहे, आणि तुमचं 1/250 गुपचूप 1/125 झालं आहे. इथे बरेच जण फसतात. फोटो उजळला म्हणून खूश होतात आणि हात पुन्हा पुसट येतो.

म्हणून आता A सोडायचा. डायल M वर ठेवा, शटर 1/250, अ‍ॅपर्चर f/5.6 आणि आयएसओ ऑटो, त्याची वरची मर्यादा 6400. बऱ्याच कॅमेऱ्यांत या जोडीत कॉम्पेन्सेशन चालतं, आणि +1 दिल्यावर बदलतो तो फक्त आयएसओ. जुन्या कॅमेऱ्यात ते चालत नसेल तर आयएसओ हातानेच एक स्टॉप वाढवा. आपला हिशोब आता असा:

```
1/250   f/5.6   ISO 1600   +1
```

सरकून दोन स्टॉप मिळाले असं वाटलं होतं, त्यातला एक पांढऱ्या भिंतीने दाखवलेला होता. खरी कमाई एका स्टॉपची. तरीही 3200 पेक्षा 1600 बरं.

उजळपणा पटण्यासाठी स्क्रीनवर भिस्त ठेवू नका, ती खोलीतल्या उजेडानुसार फसवते. हिस्टोग्राम लावा, म्हणजे चित्राचा किती भाग किती उजळ आहे ते दाखवणारा आलेख. डावीकडे गडद, उजवीकडे उजळ. पांढऱ्या भिंतीचा डोंगर उजव्या बाजूला येणारच, पण तो उजव्या कडेला चिकटून कापला गेला असेल तर तिथला तपशील हरवला. जास्त उजळ भाग लुकलुकून दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. खिडकीची काच लुकलुकली तरी चालेल. गाल किंवा कपाळ लुकलुकलं तर +1 चं +0.7 किंवा +0.3 करा.

आठवी पायरी: आता मुलाकडे लक्ष द्या

आकडे ठरले की त्यांना हात लावू नका. ढग आला-गेला तर आयएसओ आपोआप सावरून घेईल. सलग फोटो काढायचा मोड लावा, फोकस डोळ्यावर ठेवा आणि ठोकळा मनोऱ्यावर टेकवण्याच्या क्षणाची वाट पाहा. तेव्हा हात आपसूक मंदावतो आणि मूल श्वास रोखून बघतं. त्या क्षणाला 1/250 भरपूर पुरतं. मनोरा कोसळताना टिपायचा असेल तर तेवढ्यापुरतं 1/500 करा. आयएसओ 3200 वर जाईल आणि ते मान्य करायचं.

पुढे कधी ५० मिलिमीटरची f/1.8 लेन्स हाती आली तर हाच फोटो पुन्हा काढून बघा. f/5.6 वरून f/2 वर गेलं की तीन स्टॉप मिळतात. 1/250 तसंच ठेवून ISO 1600 चं ISO 200 होतं आणि दाणे जवळजवळ नाहीसे होतात. मात्र दोन मीटरवर रेखीव पट्टी १३ सेंटिमीटरच्या आसपास उरते. मूल समोरून असेल तर डोळे रेखीव आणि हातातला ठोकळा मऊ येईल. सुरुवातीला f/2.8 वर थांबा: पट्टी साधारण १८ सेंटिमीटर, ISO 400. फोटो मोठा करून डोळे पाहा, मग हात पाहा. हात मऊ आहे पण फराटलेला नाही, असं दिसलं तर शटरला हात लावू नका. अ‍ॅपर्चर f/4 करा, किंवा उठून मुलाच्या बाजूला जाऊन बसा.